ν आणि v एकाच ओळीत: फोटोतल्या पानाचं मराठी करताना सूत्रं कशी जपायची

प्रश्न: मी नागपुरात अकरावी-बारावीच्या मुलांना संध्याकाळी फिजिक्स शिकवते. मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमाची आहेत. प्रकाशविद्युत परिणामाच्या इंग्रजी पानाचा फोटो काढून मोबाइलवरच मराठी केलं. मजकूर बरा आला, पण सूत्रं पार बिघडली. मजकूर मराठीत आणि सूत्रं जशीच्या तशी, असं पान कसं करू?

उत्तर:

मॅडम, तुम्ही नेमका असा धडा निवडलाय की ज्यात हा घोळ सगळ्यात जास्त होतो. या धड्यात तीन चिन्हं सतत शेजारी-शेजारी येतात: प्रकाशाची वारंवारता ν, इलेक्ट्रॉनचा वेग v आणि विभवांतर V. पानावर छापलेलं असतं ते असं:

hν = φ₀ + ½ m v²

तिरप्या टाइपात ग्रीक ν आणि इंग्रजी v जवळजवळ सारखेच दिसतात. फोटोतून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर इंग्रजी मजकुरासाठी बनवलेलं असतं, म्हणून ते दोन्ही ठिकाणी v टाकतं आणि पडद्यावर येतं `hv = fo + 1/2 mv2`. φ चा f झाला तर तो लगेच खटकतो, कारण तसं सूत्र कोणी पाहिलेलं नसतं. hv मात्र खटकत नाही, आणि खरा धोका तोच. मूल डावीकडे वेग धरतं, उजवीकडेही वेग धरतं आणि समीकरण सोडवायला बसतं. अशी चूक एककांवरून पकडता येते. h चं एकक J s आहे. त्याला वारंवारतेने, म्हणजे s⁻¹ ने गुणलं की J उरतो, आणि उजवीकडची दोन्ही पदं J मध्येच आहेत. वेगाने गुणलं तर J m येतं आणि बेरीज जुळत नाही.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: सूत्र भाषांतराच्या यंत्रातून जाऊच द्यायचं नाही. मजकूर वेगळा काढायचा, सूत्रांच्या जागी खुणा ठेवायच्या, फक्त मजकूर मराठी करायचा आणि शेवटी खुणांच्या जागी मूळ सूत्रं परत बसवायची.

फोटोबद्दल थोडक्यात. पुस्तक सपाट ठेवा, फोन पानाच्या बरोबर वर धरा, उजेड खिडकीचा घ्या आणि फ्लॅश बंद ठेवा. स्कॅनिंग ॲपमधला कडक काळा-पांढरा फिल्टर वापरू नका. त्यात बारीक वजाचिन्ह आणि घातांक उडतात आणि 10⁻¹⁹ चा 1019 होऊन बसतो. फोटो मोठा करून घातांकातला वजा स्पष्ट दिसतोय का, तेवढं बघा. दिसत नसेल तर फोटो पुन्हा काढा, कारण पुढे कुठल्याच टप्प्यावर तो परत मिळणार नाही.

खरं काम खुणा करण्यात आहे आणि इथे घाई करू नका. पानाची झेरॉक्स घ्या आणि पेन्सिलने प्रत्येक चिन्हाला गोल करा. स्वतंत्र ओळीतली सूत्रं कोणीही ओळखतो. सुटतात ती वाक्याच्या पोटातली एकेकटी अक्षरं. प्रकाशाची तीव्रता I असेल तर यंत्र त्याला 'मी' समजतं. गतीच्या धड्यातल्या v = u + at मधलं at त्याला शब्दयोगी अव्यय वाटतं, आणि केमिस्ट्रीत हेलियमचं He 'तो' होऊन जातं. चिन्ह एका अक्षराचं असो की अख्ख्या ओळीचं, त्याला गोल झालाच पाहिजे.

गोल कुठे सुरू करायचा आणि कुठे संपवायचा, यातही विचार लागतो. Kₘₐₓ मधला max हा शब्द असला तरी चिन्हाचा भाग आहे, तो तसाच राहतो. sin आणि log चंही तेच. पण सूत्राशेजारी 'जर', 'येथे', 'साठी' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द असेल तर तो मजकूर आहे, त्याला गोलाबाहेर ठेवा. संख्या आणि तिचं एकक मात्र एकाच गोलात घ्या: 2.14 eV हा एक तुकडा. याच धड्यात eV₀ = hν − φ₀ हेही येतं आणि तिथे दोन्हींत गफलत होते. 2.14 eV मधला eV म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे एकक, तो सरळ टाइपात छापतात. eV₀ मध्ये e हा इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि V₀ हे निरोधी विभवांतर, म्हणजे दोन राशींचा गुणाकार, आणि राशी तिरप्या छापतात. एकक सरळ आणि राशी तिरपी, हा जगभरचा संकेत आहे. म्हणून 'चिन्ह बदलायचं नाही' यात त्याचा तिरपेपणाही आला. टाइप करताना सगळं सरळ केलंत तर हा फरक सांगणारी एकमेव खूण पानावरून पुसली जाते.

आता गोलांना क्रमांक द्या आणि यादी करा. तुमच्या पानाचा एक तुकडा असा दिसेल:

```
[[1]]  Kmax = hν − φ₀
[[2]]  ν
[[3]]  ν₀
[[4]]  7.0 × 10¹⁴ Hz
[[5]]  2.14 eV
[[6]]  ν
```

ν दोनदा आला म्हणून त्याला दोन क्रमांक दिलेत, कारण दोन्हींना एकच क्रमांक दिला तर त्यातला एखादा गळाला तरी यादीवर टिक करताना कळणार नाही. मोठी, अपूर्णांकांची सूत्रं टाइप करण्यापेक्षा फोटोतूनच कापून चित्र म्हणून ठेवा, त्यात चूक व्हायला जागाच नाही. वाक्यातली छोटी चिन्हं मात्र टाइप करा, चित्रं ओळीत नीट बसत नाहीत. वर्डमध्ये Alt आणि = एकत्र दाबलं की समीकरणाची चौकट उघडते. त्यात `\nu` लिहून स्पेस दिली की खरा ν येतो, `\varphi` ने φ.

मग खुणा घातलेला इंग्रजी मजकूर भाषांतराला द्या, स्वतः केलंत तर उत्तमच. मराठीत अडचण येते ती विभक्तीची. चिन्हाला 'च्या', 'पेक्षा', 'ने' चिकटवायचं कसं? बरेच जण मध्ये आडवी रेघ देतात, पण V₀-ने किंवा ν-च्या असं लिहिलं की ती रेघ वजाचिन्हासारखी दिसते. पंधरा-सोळा वर्षांचं मूल ते वजाबाकी म्हणूनच वाचेल. यावरचा उपाय आपल्या भाषेतच आहे. चिन्हानंतर राशीचं नाव घ्या आणि विभक्ती त्या नावाला लावा:

```
[[2]] ही वारंवारता [[3]] या थ्रेशोल्ड वारंवारतेपेक्षा कमी असेल,
तर प्रकाश कितीही तीव्र असला तरी इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत.
```

याचा आणखी एक फायदा असा की चिन्ह म्हणजे काय, हे मुलाला प्रत्येक वाक्यात पुन्हा समोर दिसतं. मी तरी सगळ्या पानांवर असंच करतो, वाक्य थोडं लांबलं तरी चालतं.

सूत्रांतले आणि एककांसोबतचे अंक 0 ते 9 असेच ठेवा. आजूबाजूच्या मजकुरात आइन्स्टाइनचं १९०५ साल देवनागरीत आलं तर हरकत नाही, पण सूत्रात देवनागरी १ आला तर इंग्रजीत शिकणारा मुलगा तो सहज 9 वाचतो. यंत्र कधीकधी खुणेतला अंकही बदलून [[३]] करतं. म्हणून भाषांतर झाल्यावर खुणा ताडून बघा. कॉम्प्युटरवर पायथन असेल तर खुणा घातलेला इंग्रजी मजकूर en.txt आणि मराठी mr.txt या नावाने ठेवा, मग एवढं पुरे:

```python
import re
def khuna(f):
    t = open(f, encoding="utf-8").read()
    return sorted(re.findall(r"\[\[.*?\]\]", t))
print(khuna("en.txt") == khuna("mr.txt"))
```

`True` आलं तर खुणा सगळ्या आहेत आणि एकही दुणावलेली नाही. `False` आलं तर काहीतरी गळलंय किंवा बदललंय. पायथन नसेल तर यादीवर एकेक टिक करत गेलं तरी तेच होतं, एका पानाला फार वेळ लागत नाही.

पण या तपासणीला एक चूक दिसत नाही, ती म्हणजे अदलाबदल. इंग्रजीत क्रियापद मध्ये येतं आणि मराठीत शेवटी, त्यामुळे वाक्य उलटताना यंत्र कधी [[2]] च्या जागी [[3]] ठेवतं. खुणा सगळ्या असतात, `True` येतं, आणि वाक्य सांगतं की ν₀ ही ν पेक्षा कमी असेल तर इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत. हे वस्तुस्थितीच्या बरोबर उलट आहे. 'पेक्षा', 'मुळे', 'वर अवलंबून' आणि 'अनुक्रमे' असलेली वाक्यं म्हणूनच मूळ पान शेजारी ठेवून वाचा. 'अनुक्रमे'च्या वाक्यात तर चिन्हांचा क्रम आणि नावांचा क्रम बोट ठेवून जुळवा.

सूत्रं परत बसवल्यावर पानावरचं सोडवलेलं उदाहरण तुमच्या मराठी पानावरूनच पुन्हा सोडवा. समजा सीझियमचं वर्क फंक्शन 2.14 eV दिलंय आणि प्रकाशाची वारंवारता 7.0 × 10¹⁴ Hz. h = 6.63 × 10⁻³⁴ J s धरलं तर hν येतं 4.64 × 10⁻¹⁹ J. त्याला 1.6 × 10⁻¹⁹ ने भागलं की 2.90 eV. त्यातून 2.14 वजा केले की Kmax = 0.76 eV, म्हणजे निरोधी विभवांतर 0.76 V. m = 9.11 × 10⁻³¹ kg घेतलं तर सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनचा वेग सुमारे 5.2 × 10⁵ m/s निघतो. एखादा घातांक उडाला असेल किंवा ν च्या जागी v बसला असेल, तर हे गणित पुढेच सरकत नाही किंवा वेग प्रकाशाच्या वेगापलीकडे जातो. पुस्तकातलं उत्तर तुमच्या पानावरून निघालं, तर निदान त्या उदाहरणातली चिन्हं आणि आकडे शाबूत आहेत असं समजा.

आलेखाच्या आकृतीतही तोच नियम. अक्षांवरचे शब्द मराठीत लिहा, पण V₀, ν आणि ν₀ तसेच ठेवा. शब्द झाकायला पांढरा चौकोन टाकताना त्याखाली अक्षावरचा आकडा किंवा ν₀ चा बिंदू जात नाही ना, एवढं पाहा.

छपाईचं शेवटी सांगतो, कारण इथे तयार पान बिघडतं. सीताबर्डीत किंवा तुमच्या जवळपास डीटीपीवाल्याकडे देणार असाल तर वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफ द्या. काही ठिकाणी अजून जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट वापरतात. त्यांनी सगळा मजकूर निवडून तसला फॉन्ट लावला की इंग्रजी अक्षरांची देवनागरी होते. कृतिदेवमध्ये v या अक्षराच्या जागी थेट 'अ' छापला जातो. पीडीएफ करताना फॉन्ट फाइलमध्ये समाविष्ट होतील असं बघा. पहिली प्रत हातात आली की आधी hν ची ओळ आणि कुठलाही एक वजा घातांक तपासा, आणि मगच बाकीच्या प्रती काढायला सांगा.