विभागांच्या जोखमी एकत्र करताना

सगळ्या विभागांच्या नोंदी आल्या की लगेच गुणांनुसार क्रम लावू नकोस. आधी प्रत्येक नोंद कारण, घटना आणि परिणाम अशी सुटी करून लिही. आमच्या रुग्णालयात आयटीने ‘सर्व्हर बंद पडणे’, औषध भांडाराने ‘बिलिंग ठप्प’ आणि प्रयोगशाळेने ‘रिपोर्टला उशीर’ असं कळवलं होतं. तिन्हींचं कारण एकच निघालं: सर्व्हर रूम जनरेटरवर जोडलेलीच नव्हती. त्यांची एक नोंद केली, परिणाम मात्र तिन्ही ठेवले. उलट, दोन विभागांनी ‘मनुष्यबळ कमी’ लिहिलं होतं. एकीकडे निवृत्ती, दुसरीकडे रात्रपाळीमुळे राजीनामे. उपाय वेगळे, म्हणून नोंदीही वेगळ्याच राहिल्या.

गुण म्हणजे शक्यता गुणिले तीव्रता. नोंदी एकत्र करताना त्यांची सरासरी कधीच काढू नकोस. सर्व्हरच्या नोंदीत तिन्ही विभागांनी शक्यता 3 धरली होती, तीव्रता 2, 3 आणि 5. सरासरीने 10 गुण होतात आणि तातडीचा रक्ततपासणी रिपोर्ट अडकण्याचा धोका यादीच्या मध्यात हरवतो. सर्वांत गंभीर परिणामाची तीव्रता घे, म्हणजे 15. तीव्रता 5 असलेली नोंद, शक्यता 1 असली तरी, सारांशात वेगळी दाखव.

मूळ नोंदींचे क्रमांक शेवटच्या रकान्यात जपून ठेव. ‘आमची जोखीम कुठे गेली?’ असं विभागप्रमुख विचारतातच.