इंग्लिश निबंधात सारखं डू, गेट, मेक येतं, काय करू?

प्रश्न: कॉलेजच्या इंग्लिश एसेमध्ये मॅडम प्रत्येक डू, गेट, मेकखाली लाल रेघ मारतात, बदली शब्द कसे शोधायचे?

उत्तर: थिसॉरस आधी बंद कर, त्या क्रियापदाच्या पुढचं नाम बघ, कारण खरं क्रियापद बरेचदा तिथेच लपलेलं असतं. म्हणजे ‘मेड अ डिसिजन’चं सरळ ‘डिसायडेड’, ‘डिड ॲन ॲनालिसिस ऑफ’चं ‘ॲनालाइझ्ड’, वाक्यही छोटं होतं.

नामात काही सापडलं नाही तर नक्की काय घडलं ते आधी मराठीत स्वतःला विचार. समजा तू लिहिलंस, ‘वी गॉट फॉर्टी आन्सर्स, द कँटीन गॉट क्राउडेड अँड धिस मेड स्टुडंट्स लीव्ह’. पहिलं गॉट म्हणजे मिळाली, तर ‘रिसीव्ह्ड’, दुसरं म्हणजे झालं, तर ‘बिकेम’. मेडला मात्र जपून, कारण ‘फोर्स्ड’ लिहिलंस तर जबरदस्ती, ‘पर्सुएडेड’ लिहिलंस तर कुणीतरी समजावलं, इथे गर्दीला कंटाळून पोरं गेली म्हणून मी तर ‘ड्रोव्ह स्टुडंट्स अवे’ लिहीन.

आणि हो, ‘डिड नॉट’ आणि प्रश्नातलं ‘डिड’ व्याकरणासाठी असतं त्याला हात लावू नकोस, आणि दर गेटच्या जागी ‘ऑब्टेन’ तर अजिबात नको, ‘ऑब्टेन्ड टायर्ड’ असलं काहीतरी होऊन बसतं 😅 शेवटी Ctrl+F ने डिड, गॉट, मेड, मेकिंग पण शोध, मूळ रूप शोधून हे सापडत नाहीत.