डॅशबोर्ड जर्मनमध्ये असेल तर

प्रश्न: जर्मनीत राहून तिथल्या मार्केटप्लेसवर वस्तू विकायच्या आहेत. सेलर डॅशबोर्ड जर्मनमध्ये आहे. ब्राउझरचं भाषांतर लावून भागेल का?

नाही. आमचे भाऊजी अजूनही म्हणतात, "वहिनी, ट्रान्सलेट आहे ना, भाषा कशाला शिकायची?" त्यांचंच ऐकून मी पितळी समया विकायला काढल्या होत्या.

शिपिंग टेम्पलेटमध्ये दोन रकाने होते, `Bearbeitungszeit` आणि `Lieferzeit`. ब्राउझरने पहिल्याचं केलं 'प्रक्रिया वेळ'. मला वाटलं, पोस्टात पार्सलवर जी काय प्रक्रिया होते ती असेल. टाकला एक दिवस. वास्तविक `Bearbeitungszeit` म्हणजे ऑर्डर आल्यापासून पार्सल आपल्या हातून सुटेपर्यंतचा वेळ, कामाच्या दिवसांत मोजलेला. `Lieferzeit` म्हणजे त्यानंतरचा वाटेतला वेळ. गिऱ्हाइकाला दिसणारी तारीख या दोन्हींची बेरीज असते.

गुरुवारी रात्री ऑर्डर आली. माझी नोकरी सांभाळून शनिवारी समई घासूनपुसून बांधली. रविवारी इथे पोस्टाचं दुकान बंद. सोमवारी पार्सल टाकलं, बुधवारी पोचलं. माझ्या हिशेबाने सगळं व्यवस्थित. डॅशबोर्डवर मात्र लाल अक्षरात `Verspätet`, म्हणजे 'उशीर झाला', कारण पार्सल शुक्रवारीच निघायला हवं होतं. अशा चार ऑर्डरी झाल्यावर ताकीद आली. टेम्पलेट एकच, ते सगळ्या लिस्टिंगना लागलेलं, म्हणून चूकही सगळीकडे एकच. एकाचे तीन दिवस केले आणि कटकट थांबली.

`Ausstehend` ची गंमत वेगळीच. त्याचं भाषांतर 'थकबाकी' असं आलं. माझ्याकडून पाठवायचं थकलंय असं समजून मी खोकी बांधत बसले, आणि गिऱ्हाइकाचा पत्ताच दिसेना! त्याचा अर्थ पैशांची खातरजमा अजून व्हायची आहे, हात लावू नका. आपलं काम `Nicht versandt`, म्हणजे 'पाठवलेलं नाही', असं दिसल्यावर सुरू होतं.

लिस्टिंगचं तर विचारूच नका. समईला मी `Lampe` लिहिलं, तर फॉर्म व्होल्ट आणि वॅट मागायला लागला. `Öllampe`, म्हणजे तेलाचा दिवा, असं लिहून कॅटेगरी बदलली तेव्हा सुटले.

असे वीस-पंचवीस शब्द कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. पुरतात. भाऊजींना म्हणावं, यालाच भाषा शिकणं म्हणतात.

हां, गिऱ्हाइकांचे निरोप आणि मदतीची पानं वाचायला भाषांतर चालतं, मीही वापरते. आणि सेटिंगमध्ये भाषा इंग्रजी करता येत असेल तर आधी तेच करा. तेव्हा लेबलं साइटवाल्यांनीच लिहिलेली असतात, ब्राउझरने अंदाजाने केलेली नसतात. लिस्टिंग मात्र तरीही जर्मनमध्येच लिहावी लागेल.