बिलांवरची माहिती आपोआप उचलणाऱ्या प्रणालीसाठी तपासनिसाचा दुरुस्तीचा स्क्रीन कसा असावा? दुरुस्त केलेली मूल्ये पुढच्या बिलांसाठी कशी वापरावीत?

स्क्रीनवर प्रत्येक रकान्यासाठी एकच चौकट ठेवू नका. कागदावर काय छापले आहे ते एका चौकटीत आणि हिशेबात काय जायचे आहे ते दुसऱ्या चौकटीत असले पाहिजे. हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण एक चौकट की दोन यावर माझे आणि आमच्या प्रकल्पप्रमुखांचे जवळजवळ वर्षभर वाजले होते, आणि एक चौकट ठेवल्याचा परिणाम आम्ही पाहिला आहे.

आमच्याकडे खरेदीची जीएसटी बिले येत. एका पुरवठादाराचे बिल क्रमांक `GST/0457/23-24` असे असत. ओसीआर त्यातल्या शून्याऐवजी कधी कधी इंग्रजी ओ वाचत असे, ही साधी चूक होती. मात्र तपासणीला बसणाऱ्या बाई तो क्रमांक पुसून नुसता `457` लिहीत, कारण त्यांच्या हिशेबाच्या वहीत वर्षानुवर्षे तसेच लिहिले जात होते. त्यांचे काही चुकत नव्हते. चौकट एकच होती आणि वहीला हवे ते त्यांनी तिच्यात भरले. आमच्या प्रणालीने मात्र ती वाचनातली चूक समजून तीन सारख्या दुरुस्त्यांवरून नियम काढला की, या पुरवठादाराच्या क्रमांकातला मधला तुकडा घ्यायचा आणि पुढची शून्ये गाळायची.

त्यानंतर त्या पुरवठादारासाठी दुरुस्त्यांची संख्या शून्यावर आली आणि बैठकीत तो आलेख कौतुकाने दाखवला गेला. पुढे त्याच पुरवठादाराचे मजुरीचे बिल आले, `SRV/0457/23-24`. ही त्याची दुसरी मालिका होती. नियमाने त्याचेही `457` केले. एकाच पुरवठादाराचा तोच क्रमांक त्याच आर्थिक वर्षात आधीच नोंदलेला असल्याने प्रणालीने ते बिल दुबार ठरवून बाजूला टाकले. पैसे का आले नाहीत हे विचारायला पुरवठादाराचा फोन आला, तेव्हा प्रकार उघड झाला. पुरवठादाराने विवरणपत्रात पूर्ण क्रमांक भरलेले असल्याने जीएसटीआर-२बीशी जुळणी करतानाही ती सगळी बिले विजोड निघाली. आम्ही कमी दुरुस्त्या म्हणजे अचूक वाचन असे धरून बसलो होतो आणि प्रत्यक्षात यंत्र बाईंची सवय शिकले होते.

त्यानंतर आम्ही प्रत्येक दुरुस्ती अशी साठवू लागलो:

```json
{"field": "invoice_no",
 "read": "GST/O457/23-24",
 "paper": "GST/0457/23-24",
 "book": "457",
 "page": 1, "box": [412, 96, 640, 124],
 "seen": true}
```

पुढच्या वाचनासाठी शिकायचे ते फक्त `read` आणि `paper` यांतल्या फरकातून. `paper` पासून `book` कडे जाणारा बदल हा त्या कार्यालयाचा नियम आहे. तो वेगळा, उघड आणि माणसाला वाचता येईल असा लिहून ठेवावा. दुबार तपासणी आणि जुळणी `paper` वरच चालवावी. `box` मिळवण्यासाठी तपासनिसाला टंकायला लावण्यापेक्षा बिलाच्या प्रतिमेवरच्या शब्दावर टिचकी मारू द्यावी, म्हणजे मूल्याबरोबर त्याची जागाही कळते आणि कागदावर नसलेले मूल्य `paper` मध्ये सहसा शिरत नाही.

`seen` लहान दिसते, पण ते गाळू नका. तपासनिसाने हात लावला नाही याचा अर्थ त्याने पाहून मान्य केले असा होत नाही. बहुतेकदा त्याने तिकडे पाहिलेलेच नसते. आम्ही कर्सर त्या रकान्यात येऊन प्रतिमेचा तो भाग मोठा दिसल्यावरच `seen` खरे धरत होतो आणि न पाहिलेली मूल्ये शिकवणीत घेत नव्हतो. शिवाय अधूनमधून काही बिले यंत्राने भरलेली मूल्ये लपवून कोऱ्या चौकटींत भरायला द्यावीत. खरी अचूकता त्यातून कळते, दुरुस्त्यांच्या आलेखातून नाही.

शिकलेला नियम पुरवठादाराचा जीएसटीआयएन आणि बिलाची मांडणी या दोन्हींना बांधावा. पुरवठादाराने बिलाचे सॉफ्टवेअर बदलले की जुनी जागा चुकते आणि एकूण रकमेच्या जागी मागील बाकी उचलली जाते. त्याच्या दुरुस्त्या एकाएकी वाढल्या की नियम आपोआप थांबला पाहिजे.

प्रकल्पप्रमुखांचा आक्षेप होता की दोन चौकटींमुळे प्रत्येक बिलाला वेळ वाढेल. तो वाढला नाही, कारण दुसरी चौकट कार्यालयाच्या नियमाने आपोआप भरते आणि तिला क्वचितच हात लावावा लागतो. हे त्यांना तेव्हाही सांगितले होते.

एक गोष्ट राहिली. हे सारे छापील आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिलांबद्दल आहे. हस्तलिखित पावत्या असतील किंवा एखाद्या पुरवठादाराची वर्षाकाठी चारच बिले येत असतील, तर शिकवण्याच्या भानगडीत न पडता तपासनिसाला सरळ भरू द्यावे. दोन चौकटी मात्र तिथेही ठेवाव्यात.