प्लॉट घेण्याआधी शोध घेताना जुना नंबर विसरू नका

दुय्यम निबंधक कार्यालयात शोधाचा अर्ज देताना फक्त आजचा गट नंबर लिहू नका, नवखे हमखास इथेच चुकतात. हा शोध सूची क्रमांक 2 मधून, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या मिळकतवार यादीतून घेतला जातो आणि तिथे मिळकत त्या-त्या वेळच्या नंबरावर नोंदलेली असते. समजा आज गट 112 आहे आणि एकत्रीकरणापूर्वी तोच सर्व्हे नंबर 47/2 होता. त्या काळातलं गहाणखत 47/2 वरच सापडेल. 112 वर शोधलंत तर कागद कोरा दिसेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. म्हणून आधी तलाठ्याकडून जुने सातबारे आणि फेरफार काढा, नंबर कसा बदलत आला ते पाहा, मग गाव, सगळे नंबर आणि तीस वर्षांचा कालावधी अर्जात लिहा. तालुक्यात एकापेक्षा जास्त कार्यालयं असतील तर प्रत्येक ठिकाणी शोध घ्या, कारण दस्त त्यांपैकी कुठेही नोंदलेला असू शकतो. फीची पावती जपा, वकील शोध अहवालाला ती जोडतात.

शोध स्वच्छ आला तरी वारसहक्क, कूळ किंवा न नोंदवलेला साठेकरार त्यात दिसत नाही. पहिल्या दोन्हींसाठी फेरफार आणि सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना मी नेहमी स्वतः वाचतो.