संयुक्त गृहकर्जातून सहकर्जदाराचे नाव वगळताना: वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये एकच गैरसमज वारंवार दिसतो: घर कोणाकडे राहणार हे ठरले की कर्जाचाही निकाल लागला. मालकी आणि कर्ज ही दोन वेगळी खाती आहेत, आणि दुसऱ्या खात्यात बँकेची संमती नसेल तर काहीही बदलत नाही.

आमच्या घटस्फोटाच्या आदेशात 'कर्ज पती फेडेल' असे लिहिले आहे. माझे नाव आता बँकेतून निघाले ना?

नाही. त्या खटल्यात बँक पक्षकार नव्हती, त्यामुळे तो आदेश तिला बांधत नाही. पतीने कर्ज फेडले नाही तर तुम्ही त्या आदेशाच्या आधारे पतीकडून वसुली मागू शकता, बँकेला मात्र थांबवू शकत नाही. आदेशाची प्रत घेऊन वकिलांना भेटा आणि नाव वगळण्याचा लेखी अर्ज वेगळा द्या.

मनीषनगरचा फ्लॅट परस्पर संमतीच्या अटींनुसार माझ्याकडे येणार आहे. हप्ता मी एकटी भरेन, तरीही बँक पतीचे नाव काढायला नकार देते. असे का?

कारण मंजुरी दोन पगारांवर दिली होती. नाव वगळणे म्हणजे बँकेच्या दृष्टीने एका देणेकऱ्याला सोडून देणे, म्हणून ती तुमच्या एकटीच्या पगारावर कर्ज नव्याने तपासते. नकार आला तरी आकडे मांडून पाहावेत. तुम्ही कळवलेल्या माहितीवरून हिशेब असा होतो.

मूळ कर्ज ४० लाख, मुदत २० वर्षे, व्याज ८.५ टक्के आणि हप्ता सुमारे ३४,७०० रुपये. सहा वर्षांनंतर ३४ लाख शिल्लक आहेत आणि १४ वर्षे बाकी आहेत. तुमचा हाती येणारा पगार ५२,००० रुपये. सर्व हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यापर्यंत जावेत असे तुमची बँक धरते, म्हणजे मर्यादा २६,००० ची. त्यातून गाडीच्या कर्जाचे ७,००० वजा केले की घरासाठी १९,००० उरतात. उरलेल्या १४ वर्षांत एका लाखाला सुमारे १,०२० रुपये हप्ता लागतो, म्हणजे तुमची पात्रता साडेअठरा लाखांच्या आसपास येते. साडेपंधरा लाखांची ही तूट पाहूनच शाखेने नकार दिला असणार.

आता दोन गोष्टी बदलून पाहा. तुमचे वय ३८ आहे, त्यामुळे मुदत पुन्हा २० वर्षे मागता येईल. तेव्हा एका लाखाला सुमारे ८६८ रुपये पडतात. गाडीचे दोन लाख आधी फेडले तर पूर्ण २६,००० रुपये मोकळे होतात आणि पात्रता जवळजवळ ३० लाखांवर जाते. उरलेले चार लाख मुद्दलात भरावे लागतील. म्हणजे साडेपंधरा लाखांऐवजी सहा लाखांची सोय करायची आहे, आणि ती पतीकडून मिळणाऱ्या रकमेत मागता येण्यासारखी आहे. मुदत वाढल्याने एकूण व्याज वाढेल, हे मात्र डोळसपणे स्वीकारावे लागेल. वडील किंवा भाऊ सहकर्जदार व्हायला तयार असतील तर आकडे आणखी सुधारतात, पण तेही पूर्ण कर्जाला जबाबदार होतात हे त्यांना आधी सांगा.

यानंतर जे सांगतो आहे ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अटींवर सही करण्यापूर्वी बँकेचे लेखी पत्र हाती हवे. परस्पर संमतीच्या याचिकेनंतर कायदा साधारण सहा महिन्यांचा काळ देतो, आणि न्यायालय तो माफही करू शकते. हा काळ बहुतेक जोडपी वाट पाहण्यात घालवतात. बँकेत कर्ज विभागात काम करताना मी पुन्हा पुन्हा पाहिले की लोक हुकूमनामा झाल्यावर शाखेत येतात, तेव्हा पात्रता कमी भरते आणि दुसऱ्या बाजूला सही करायला काही कारणच उरलेले नसते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी पात्रतेबाबत बँकेचे तत्त्वतः मान्यतेचे पत्र, मग त्या पत्रातील रक्कम आणि तारीख संमतीच्या अटींत, आणि पतीने द्यायची रक्कम अंतिम आदेशापूर्वी कर्जखात्यात जमा.

पतीचा फ्लॅटमधील वाटा तुमच्या नावावर आणणारा नोंदणीकृत दस्तही वेळेवरच व्हायला हवा. फ्लॅट गहाण असल्याने त्याला बँकेचे ना हरकत पत्र लागते. महाराष्ट्रात पती-पत्नीमध्ये निवासी घर बक्षीस देताना मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे, पण हुकूमनाम्यानंतर ते नातेच उरत नाही. शिवाय वाट्याच्या बदल्यात पैसे दिले जात असतील तर तो व्यवहार बक्षीस ठरत नाही. हा दस्त कोणत्या स्वरूपाचा करावा हे दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्यापूर्वी मालमत्तेचे काम करणाऱ्या वकिलाला विचाराच.

सर्वांत शेवटी पूरक कर्जकरार होतो आणि बँक खात्यातून हप्ता कापण्याचा आदेश बदलला जातो. यावेळी कोणी नवा विमा किंवा वाढीव कर्ज गळ्यात घालू लागले, तर ते नाव वगळण्यासाठी अनिवार्य आहे का हे लेखी मागा. व्याजदर बदलता असेल तर वैयक्तिक गृहकर्ज दुसऱ्या बँकेत नेताना मुदतपूर्व फेडीचे शुल्क आकारता येत नाही, म्हणून तुमची बँक अडून बसली तर हा मार्गही खुला आहे. तिथेही पात्रता मात्र तुमचीच तपासली जाईल.

मी नाव वगळण्याचा अर्ज दिला आहे. पतीने मार्चपासून हप्ते थांबवले आहेत. आता ते मी का भरायचे?

अर्ज म्हणजे मंजुरी नव्हे. ९० दिवसांहून अधिक काळ हप्ता थकला की कर्ज अनुत्पादक ठरते आणि त्याची नोंद तुमच्याही सिबिल अहवालात येते. शक्य असेल तर हप्ता तुमच्या खात्यातून भरा, पावत्या जपा आणि ती रक्कम पतीकडून मागण्यासाठी वकिलांना लगेच भेटा. बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. मात्र अपुऱ्या पगारावर नाव वगळायला लावणे त्यांच्या हातात नाही.

धरमपेठेतील एक एजंट पस्तीस हजारांत बँकेतून आणि सिबिलमधून नाव काढून देतो म्हणतो. द्यावेत का?

देऊ नयेत. चालू कर्जाची खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही.

वडील वारले. कर्ज त्यांच्या आणि माझ्या नावावर होते. मला नामनिर्देशित केले आहे, तर आता घर माझेच आणि कर्ज अर्धे माझे ना?

दोन्ही समज चुकीचे आहेत. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. मृत्युपत्र नसेल तर वडिलांचा वाटा आई आणि भावंडांसह सर्व वारसांकडे जातो. सहकर्जदार म्हणून तुमची जबाबदारी पूर्वीही पूर्ण कर्जाची होती आणि ती तशीच राहते. इतर वारस मात्र वडिलांकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतेच जबाबदार असतात.

सर्वांत आधी कर्जासोबत घेतलेल्या विम्याची पॉलिसी शोधा आणि त्यात कोणाच्या जीविताचा विमा आहे ते पाहा. बऱ्याचदा तो फक्त पहिल्या अर्जदाराचा असतो, शिवाय विम्याची रक्कम दरवर्षी कमी होत जाते, म्हणून मृत्यूच्या तारखेला किती संरक्षण होते हा आकडा लेखी मागा. दावा दाखल केला तरी निकाल लागेपर्यंत हप्ते थांबवू नका. घर कोणाच्या नावे करायचे यावर वारसांचे एकमत होताच, बँकेत जाण्यापूर्वी वकिलाकडून हक्कसोडपत्राचा मसुदा तपासून घ्या. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत द्यायची असतात, आणि तिच्या दोषामुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. वारसांना कागदपत्रे देण्याची पद्धतही बँकेने ठरवून आपल्या संकेतस्थळावर दाखवलेली असते. ती वाचूनच शाखेत जा.