स्पॅनिशमधला शेवटचा ‘स’ कुठे जातो?

प्रश्न : “पुस्तकातले स्पॅनिश समजते, पण सेव्हिलच्या किंवा क्यूबाच्या माणसाचे बोलणे ऐकले की शब्दांचे शेवटच गायब होतात. तो ‘स’ जातो कुठे? आणि मी ‘थ’ म्हणू की ‘स’?”

‘थ’चा प्रश्न सोपा असल्याने तो आधी घेतो. स्पेनच्या उत्तर आणि मध्य भागात झेड हे अक्षर, तसेच ई किंवा आय यांच्या आधी येणारे सी, जिभेचे टोक दातांमध्ये धरून उच्चारतात. हा आपला थ नव्हे. थ म्हणताना हवा अडते आणि मग सुटते, तर या ध्वनीत ती कुठेही न अडता घासत बाहेर पडते. म्हणून मी वहीत तो नुक्ता देऊन ‘थ़’ असा लिहितो, आणि आपणही तसेच करावे असे सुचवतो. त्याचे कारण पुढे येईल. लॅटिन अमेरिकेत, कॅनरी बेटांवर आणि सेव्हिल शहरात त्याच अक्षरांचा उच्चार साधा ‘स’ होतो, आणि यालाच सेसेओ म्हणतात. त्यामुळे ‘शिवणे’ आणि ‘शिजवणे’ ही दोन्ही क्रियापदे तिकडे ‘कोसेर’ अशीच ऐकू येतात. लॅटिन अमेरिकेतील लोक शिजवण्यासाठी बहुधा ‘कोसिनार’ वापरतात, म्हणून अडचण फारशी येत नाही. बोबड्या राजाची नक्कल करता करता ‘थ़’ रूढ झाला, ही प्रचलित कथा खोटी आहे. दोन्ही पद्धती प्रमाण मानल्या जातात. आपण एक निवडावी आणि तीच पाळावी.

खरी अडचण ‘स’ची आहे. अँडालुसिया, कॅनरी बेटे, कॅरिबियन प्रदेश आणि चिली येथे शब्दाच्या किंवा अक्षराच्या शेवटी येणारा ‘स’ बहुधा नुसत्या श्वासासारखा उरतो. संस्कृतात ‘मनस्’चे ‘मनः’ होते, त्याच जातीचा हा बदल आहे. ‘लोस नीन्योस’ हे ‘लोः नीन्योः’ असे ऐकू येते. पुढे व्यंजन असेल तर कधी तेच व्यंजन दुप्पट होते, जसे आपण ‘दुःख’ लिहून ‘दुख्ख’ म्हणतो. क्यूबात ‘मिस्मो’चे ‘मिम्मो’ ऐकू येते ते यामुळेच.

सेव्हिलमध्ये आणखी एक गोष्ट घडते आणि ती ओळखण्यात मराठी कान पुढे असतो. तिथे ‘स’चा श्वास अनेकदा ‘त’च्या पुढे सरकतो, म्हणून ‘पास्ता’ हा जवळजवळ ‘पाथा’ आणि ‘एस्तो’ हा ‘एथो’ होतो. हा खरोखर आपल्या ‘थ’सारखा महाप्राण आहे. वहीत दातांमधल्या ध्वनीलाही ‘थ’च लिहिले असेल, तर येथे हमखास गोंधळ होतो.

‘स’ पुरता नाहीसा झाला, तर अनेकवचन कसे ओळखायचे? पुल्लिंगी नामांत फारशी अडचण नाही, कारण ‘एल लिब्रो’ आणि ‘लो लिब्रो’ यांत उपपद वेगळेच राहते. शब्द व्यंजनान्त असेल तर ‘फ्लोर’च्या जागी आलेला ‘फ्लोरे’ पुरेसा बोलका असतो. अडते ते स्त्रीलिंगी, स्वरान्त नामांपाशी. ‘लास नीन्यास एस्तान एन कासा’ म्हणजे ‘मुली घरी आहेत’ हे वाक्य हवानात ‘ला नीन्या एःतान एन कासा’ असे कानी पडू शकते. पहिल्या दोन शब्दांवरून मुलगी एक की अनेक हे कळत नाही. निर्णय ‘एःतान’मधला शेवटचा ‘न’ करतो, कारण मुलगी एकच असती तर ‘एःता’ आले असते. हवानात हा ‘न’ पुष्कळदा ‘वाङ्मय’मधल्या ‘ङ’कडे झुकतो, तरी तो ऐकू येतो. म्हणून नामाच्या शेवटावर कान न ठेवता क्रियापदापर्यंत थांबण्याची सवय करावी. ग्रानादामध्ये मात्र स्वरच मदत करतो: ‘लास कासास’ मधले ‘आ’ उघडे होत ‘ॲ’कडे झुकतात, आणि ‘लॅ कॅसॅ’ ऐकले की घरे अनेक आहेत असे समजावे.

सरावाला ब्युनोस आयर्सपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. तिथे ‘स’चा विसर्ग मुख्यतः व्यंजनापूर्वी होतो, स्वरापूर्वी, उदाहरणार्थ ‘लोस आमिगोस’मधल्या पहिल्या शब्दाच्या शेवटी, ‘स’ सहसा स्पष्ट राहतो. त्यानंतर सेव्हिल, आणि शेवटी हवाना किंवा सांतो डोमिंगो. बातम्या ऐकून हा कान तयार होत नाही, कारण औपचारिक बोलण्यात निवेदक ‘स’ बराच सांभाळतात. रस्त्यावरच्या मुलाखती किंवा घरगुती गप्पा घ्याव्यात. पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा घेऊन आधी जे ऐकू आले तेच देवनागरीत विसर्गासह उतरवावे, मग लिखित संहितेशी ताडून प्रत्येक हरवलेल्या ‘स’च्या जागी वचन किंवा पुरुष कशावरून कळला ते शेजारी लिहावे. कॅरिबियन तुकड्यांत ‘के तू किएरे’ असे सर्वनामासह आलेले प्रश्न वारंवार भेटतील. इतरत्र ‘के किएरेस’ एवढेच म्हणतात. ‘किएरे’ एकट्याने ‘तू’ही असू शकतो आणि ‘तो’ही, म्हणून अशा वाक्यांत ‘तू’ कुठे आहे हे आधी शोधावे.